केमिस्टांना कार्यशाळेचे निमंत्रण

तालुक्यातील औषध दुकानदारांसाठी क्षयरोगाच्या नोंदींविषयी विनामूल्य कार्यशाळा घेणे हा क्षयरोग विभागाच्या कामाचा नेहमीचा भाग आहे. वक्ता घरचाच असतो, ग्रामीण रुग्णालयाचे किंवा पंचायत समितीचे सभागृह मिळते, चहा-बिस्किटांची सोय होते. अडते ते माणसे येण्यापाशी. साठ खुर्च्या मांडाव्यात, पंधरा भराव्यात आणि त्यांतही निम्म्या खुर्च्यांवर दुकानातली मदतनीस पोरे बसलेली असावीत, हा प्रकार आयोजकांना नवा नाही. मग ‘केमिस्टांना आस्थाच नाही’ असा शेरा मारून फाइल बंद होते. पण पाठवलेले निमंत्रण काढून वाचले, तर न येण्याची कारणे बहुधा त्या एका पानातच सापडतात.

या कार्यशाळेला केमिस्टच का हवेत, हे आधी पाहिले पाहिजे. कारण निमंत्रणातला मजकूर त्यावरच ठरतो. खोकला लागलेला माणूस पहिल्यांदा दवाखान्यात जात नाही, तो जवळच्या ‘मेडिकल’मध्ये जातो. एक बाटली संपते, दुसरी नेतो, मधेच कुणी सुचवले म्हणून प्रतिजैविकाची एखादी पट्टी घेतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल तर क्षयरोगाची तपासणी करावी, हा राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाचा साधा नियम आहे, आणि हे दोन आठवडे उलटून गेल्याचे सर्वांत आधी कळते ते काउंटरवरच्या माणसाला. दुसरे असे की खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणारे अनेक रुग्ण औषधे बाहेरून विकत घेतात. त्यांची नोंद डॉक्टरांकडून राहून गेली, तर तो रुग्ण सरकारी हिशेबात कुठेच दिसत नाही. औषधे मधेच सोडली तरी कुणाला पत्ता लागत नाही. दुकानातल्या विक्रीच्या नोंदीतून मात्र त्याचा माग लागू शकतो.

ही नोंद ठेवणे केमिस्टांच्या मर्जीवर सोडलेले नाही. औषध नियमांत ‘शेड्यूल एच-वन’ ही यादी १ मार्च २०१४ पासून लागू झाली. तिच्यात काही प्रतिजैविकांबरोबर क्षयरोगाची औषधेही आहेत. यादीतले औषध देताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि दिलेले प्रमाण वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचे आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपून ठेवायचे, असा नियम आहे. खासगी डॉक्टर, रुग्णालये आणि प्रयोगशाळांनी क्षयरुग्णाची माहिती शासनाला कळवणे मे २०१२ पासूनच सक्तीचे होते. मार्च २०१८ च्या राजपत्रातील अधिसूचनेने औषध दुकानदारांनाही त्यात स्पष्टपणे आणले आणि माहिती न देणाऱ्यांवर भारतीय दंड संहितेच्या कलम २६९ आणि २७० खाली कारवाई होऊ शकते, असे बजावले. जुलै २०२४ पासून त्या कलमांची जागा भारतीय न्याय संहितेतील २७१ आणि २७२ या कलमांनी घेतली आहे.

म्हणजे आयोजकाच्या हातात दोन गोष्टी असतात. एक, केमिस्टाच्या खरोखर उपयोगाचा विषय. दुसरी, कायद्याचा बडगा. निमंत्रण लिहिताना बहुतेकांचा हात दुसरीकडे वळतो, आणि बिघाड तिथूनच सुरू होतो.

पत्र पोहोचते तेव्हा

नेहमीचे पत्र साधारण असे असते: ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमांतर्गत तालुक्यातील सर्व औषध विक्रेत्यांची एकदिवसीय कार्यशाळा दि. २४ मार्च रोजी सकाळी ११ वाजता आयोजित करण्यात आली आहे. तरी सर्व संबंधितांनी वेळेवर उपस्थित राहावे. अनुपस्थितीची गंभीर दखल घेण्यात येईल.’ खाली गोल शिक्का, त्याखाली प्रतिलिपींची यादी, आणि त्या यादीत औषध निरीक्षकांचे नाव.

हे पत्र दुकानात पोहोचते तेव्हा मालक आधी प्रतिलिपीची ओळ वाचतो. औषध निरीक्षकाचे नाव दिसताच हे प्रशिक्षण राहत नाही, तपासणीची नोटीस होते. रजिस्टर सोबत न्यायचे का, अर्धवट भरलेले असेल तर काय, तिथे सही घेतील तिचा पुढे काय उपयोग करतील, असे प्रश्न डोक्यात येतात. ज्याचे रजिस्टर चोख आहे तो निर्धास्त येतो. ज्याला शिकण्याची खरी गरज आहे तो मदतनीसाला धाडतो. धाकाने खुर्च्या भरतात हे खरे, पण धाकाने आलेला माणूस तोंड उघडत नाही, आणि शंका विचारल्या जात नसतील तर कार्यशाळा घेऊन काही साधत नाही. निरीक्षकांना बोलावण्याला हरकत नाही. मात्र ‘या दिवशी कोणत्याही दुकानाची कागदपत्रे तपासली जाणार नाहीत, सोबत रजिस्टर आणू नये’ हे वाक्य निमंत्रणात ठळकपणे हवे, आणि त्याला निरीक्षकांची आधी संमती घेतलेली हवी. संमती मिळत नसेल तर ते वाक्य लिहू नये. सभागृहात ते खोटे पडले, तर त्या तालुक्यात पुढची काही वर्षे कुणी येणार नाही.

त्या पत्रातली दुसरी चूक तारखेची आहे. २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाच्या जंतूचा शोध १८८२ साली याच दिवशी जाहीर केला, म्हणून कार्यालयांना ही तारीख प्रिय असते. बॅनर तयार असते, फोटो वर पाठवता येतो. केमिस्टासाठी मात्र मार्चचा शेवटचा आठवडा हा वर्षातला सर्वांत गैरसोयीचा काळ. ३१ मार्चच्या आत साठामोजणी, मुदत संपत आलेल्या मालाची परतफेड, होलसेलरची देणी, हिशेब तपासनीसाची कागदपत्रे. त्या आठवड्यात दुकानदाराला कुणाच्या लग्नालाही उसंत नसते.

सकाळचे अकराही तसेच. त्या वेळेला दवाखान्यांची ओपीडी भरात असते आणि चिठ्ठ्या काउंटरवर येऊ लागतात. संध्याकाळी सहानंतर पुन्हा तीच गर्दी. मधला दुपारी दोन ते चार हा वेळ बहुतेक गावांत मोकळा जातो. आठवडी बाजाराचा दिवस तर हमखास टाळायचा. खेड्यांवरून आलेली माणसे महिन्याची बीपी-शुगरची औषधे त्याच दिवशी नेतात.

वेळेचा प्रश्न सोयीपुरताही नाही, त्याला कायद्याची बाजू आहे. रजिस्टर्ड फार्मासिस्टाच्या प्रत्यक्ष देखरेखीशिवाय डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे देता येत नाहीत. १९४८ च्या फार्मसी कायद्याचे कलम ४२ आणि औषध नियम दोन्ही हेच सांगतात. लहान दुकानात फार्मासिस्ट एकच असतो आणि बहुधा तोच मालक. त्याला तीन तासांसाठी बोलावणे म्हणजे दुकान तीन तास बंद ठेवायला सांगणे, नाहीतर नियम मोडायला सांगणे. कायद्याची माहिती द्यायला बोलावणाऱ्या पत्रानेच कायदा मोडायची वेळ आणावी, हा विनोद केमिस्टांच्या लगेच लक्षात येतो. आयोजकांच्या क्वचितच येतो.

यावर उपाय साधे आहेत. अनेक गावांत रविवारी दुपारनंतर औषध दुकाने तशीही बंद असतात, तेव्हा दोन तासांची बैठक घेता येते. किंवा तोच कार्यक्रम दोन तुकड्यांत करायचा: शेजारच्या दोन दुकानांपैकी एक पहिल्या तुकडीत, दुसरे दुसऱ्या तुकडीत. म्हणजे गावात औषधाविना कुणी अडत नाही. कोणती तारीख सोयीची हे तालुका केमिस्ट संघटनेच्या अध्यक्षांना एक फोन करून विचारले तर पाच मिनिटांत कळते, आणि त्या फोनचा दुसरा फायदा असा की निमंत्रणावर संघटनेचेही नाव घालता येते. शासकीय शिक्क्यापेक्षा ओळखीच्या माणसाचे नाव वाचून येणारे अधिक असतात.

फायदा कुणाचा, हे सांगताना

‘क्षयमुक्त भारतासाठी आपले योगदान मोलाचे आहे’ हे वाक्य निमंत्रणात असले काय, नसले काय, सारखेच. वाचणाऱ्याला हवे असते ते त्याच्या दुकानापुरते: इथून गेल्यावर कोणते काम सोपे होईल? क्षयरोगाच्या कार्यशाळेपुरते पाहिले तर खऱ्या अर्थाने तीन गोष्टी देता येतात. शेड्यूल एच-वनचे रजिस्टर कसे भरायचे आणि कोणत्या चुका नेहमी होतात, हे नमुना पान समोर ठेवून दाखवता येते. क्षयरोगाची औषधे विकल्याची माहिती कुणाला, कोणत्या नमुन्यात द्यायची आणि ती तालुक्यातल्या वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकाकडे कशी पोहोचते, हे सांगता येते. आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकणारे गिऱ्हाईक समोर उभे असताना त्याला न दुखावता तपासणीला कसे पाठवायचे, याचा सराव करून घेता येतो.

यातली तिसरी गोष्ट निमंत्रणात सहसा येतच नाही, आणि ती सर्वांत मोलाची आहे. गिऱ्हाइकाला ‘तुम्हाला टीबी असेल’ असे म्हटले तर ते समोरच्या दुकानात जाते, हे प्रत्येक केमिस्टाला ठाऊक असते. त्यामुळे तो गप्प बसतो आणि बाटली देतो. ‘खोकला पंधरा दिवसांवर गेलाय, सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, ही चिठ्ठी दाखवा’ एवढे बोलायला काय हरकत, असे बाहेरच्याला वाटेल. पण काउंटरवर चार माणसे उभी असताना हे दबक्या आवाजात, लाज न आणता सांगणे हे शिकावे लागते. निमंत्रणात ‘गिऱ्हाईक न गमावता तपासणीचा सल्ला कसा द्यावा’ अशी एक ओळ असेल, तर मदतनीसाला पाठवायचा विचार करणारा मालक स्वतः येतो.

पैशांचा उल्लेख जपून करावा. संशयित रुग्ण तपासणीला पाठवून त्याला क्षयरोग असल्याचे निघाले, तर माहिती देणाऱ्याला ५०० रुपये देण्याची तरतूद कार्यक्रमात आहे. नोंद झालेल्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये थेट बँक खात्यात मिळतात. ही रक्कम आधी ५०० होती, ती नोव्हेंबर २०२४ पासून वाढली. यातली दुसरी गोष्ट निमंत्रणात अवश्य सांगावी, कारण ती केमिस्टाला गिऱ्हाइकापाशी बोलायला उपयोगी पडते: नोंद झाली तर तुमचेच पैसे येतील, असे तो म्हणू शकतो. पहिली कार्यशाळेत सांगितलेली बरी. पत्रात ५०० रुपये आले की सगळा प्रस्तावच त्या रकमेचा वाटू लागतो, आणि रक्कम जमा व्हायला उशीर झाला की तक्रारही त्याच पत्रावर बोट ठेवून होते.

दंडाच्या कलमांबाबतही हेच. ती लपवू नयेत, पण अंगावरही फेकू नयेत. ‘२०१८ च्या अधिसूचनेनुसार ही माहिती देणे बंधनकारक आहे, ती कशी द्यायची हे कार्यशाळेत दाखवले जाईल’ एवढ्या एका सरळ वाक्यात काम होते.

कार्यशाळा कुणाच्या उपयोगाची नाही, हेही लिहावे. ज्यांचा व्यवसाय फक्त घाऊक विक्रीचा आहे किंवा जे केवळ जनावरांची औषधे ठेवतात, त्यांना यातले फारसे लागू पडत नाही. त्यांना बोलावून हजेरी वाढते, पण पुढच्या वेळी संघटनेच्या बैठकीत ‘वेळ गेला’ म्हणणारेही तेच असतात. दुकानातल्या मदतनीसांना खोकल्याचा भाग उपयोगी आहे, रजिस्टरचा नाही. म्हणून त्यांच्यासाठी पहिला पाऊण तास खुला ठेवून पुढे फक्त फार्मासिस्ट थांबतील, अशी विभागणी करता येते.

राहता राहिला ‘विनामूल्य’ हा मुद्दा. औषधांच्या धंद्यात विनामूल्य कार्यक्रमामागे बहुधा एखादी कंपनी असते आणि शेवटच्या अर्ध्या तासात नवे उत्पादन दाखवले जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे खर्च कोण करतो हे एका वाक्यात सांगून टाकावे. शासनाचा कार्यक्रम असेल तर तसे, संघटनेने चहापान दिले असेल तर तसे. एखाद्या कंपनीने सभागृहाचे भाडे भरले असेल तर तेही लिहावे. लपवले तर बॅनर पाहून कळणारच. प्रमाणपत्र मिळणार असेल तर ते फक्त सहभागाचे आहे की फार्मसी कौन्सिलने मान्य केलेल्या प्रशिक्षणाचे, हे स्पष्ट करावे. मान्यता नसताना संदिग्ध लिहिले, तर नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी केमिस्ट तो कागद पुढे करतो आणि फजिती त्याची होते.

नमुन्याचे पत्र

समजा, सुमारे ८० औषध दुकाने असलेला एक तालुका आहे, सभागृहात ५० माणसे बसतात आणि आठवडी बाजार सोमवारी भरतो. रविवारी दुपारी दोन तासांची कार्यशाळा आणि ज्यांना येणे जमणार नाही त्यांच्यासाठी बुधवारी दुपारी ऑनलाइन बैठक, असे ठरले. तर निमंत्रण असे लिहिता येईल:

‘सप्रेम नमस्कार. शेड्यूल एच-वनचे रजिस्टर आणि क्षयरोगाच्या औषधांची माहिती शासनाला कशी द्यायची, याबद्दल अनेक दुकानदारांच्या शंका आहेत. त्यांसाठी तालुका क्षयरोग पथक आणि तालुका केमिस्ट संघटना यांनी मिळून दोन तासांची विनामूल्य कार्यशाळा ठेवली आहे. रविवार, दि. ८ फेब्रुवारी २०२६, दुपारी ३ ते ५, ग्रामीण रुग्णालयाचे सभागृह, पहिला मजला.

किरकोळ औषध दुकानाचे मालक आणि रजिस्टर्ड फार्मासिस्ट यांच्यासाठी हा कार्यक्रम आहे. रजिस्टर भरताना होणाऱ्या चुका, माहिती देण्याचा नमुना आणि लांबलेला खोकला असलेल्या गिऱ्हाइकाला तपासणीचा सल्ला कसा द्यावा, हे प्रत्यक्ष दाखवले जाईल. दुकानातील सहायकांना ३ ते ३.४५ या वेळात बसता येईल. घाऊक विक्रेत्यांना येण्याची गरज नाही.

या दिवशी कोणाचीही कागदपत्रे तपासली जाणार नाहीत. कृपया रजिस्टर सोबत आणू नये. कोणत्याही कंपनीचा यात सहभाग नाही. चहापानाचा खर्च संघटना करणार आहे.

जागा ५० आहेत. येणार असाल तर गुरुवार, दि. ५ फेब्रुवारीपर्यंत खालील क्रमांकावर दुकानाचे नाव आणि येणाऱ्यांची संख्या व्हॉट्सॲपने कळवावी. रविवारी जमणार नसेल तर “बुधवार” एवढेच लिहून पाठवावे. ११ फेब्रुवारीला दुपारी २.३० च्या ऑनलाइन बैठकीची लिंक त्या दिवशी सकाळी पाठवली जाईल.’

याखाली एका माणसाचे नाव आणि एकच मोबाइल क्रमांक. पत्र एका पानात मावते आणि मोबाइलवर वाचताना फार सरकवावे लागत नाही. यात उद्घाटक नाहीत, प्रमुख पाहुणे नाहीत, दीपप्रज्वलन नाही. उद्घाटनाला आमदारसाहेब येणार असतील तर त्यांचे नाव घालणे भाग आहे. पण मग ३ ते ५ या वेळातला किती वेळ भाषणांत जाणार हे केमिस्ट ओळखून असतात आणि चारनंतर यायचे ठरवतात. तेव्हा पत्रातली वेळ प्रशिक्षणाचीच द्यावी आणि स्वागताचे सोपस्कार त्याआधी उरकावेत.

नाव कसे नोंदवायचे

येण्याची इच्छा झालेला माणूस बहुतेक वेळा नोंदणीच्या पायरीवर गळतो. गूगल फॉर्म हा आयोजकांच्या सोयीचा असतो, कारण यादी आपोआप तयार होते. त्यात ई-मेल, ड्रग लायसन्सचा क्रमांक, आधार, जन्मतारीख असे रकाने वाढत जातात. लायसन्सचा क्रमांक मागितला की तपासणीची शंका पुन्हा जागी होते. खुर्च्या आणि चहाचा अंदाज घ्यायला दुकानाचे नाव, येणारा कोण आणि किती जण, एवढेच लागते. बाकीचे हजेरीपटावर लिहून घेता येते. ८० दुकानांच्या तालुक्यात व्हॉट्सॲपवर आलेली नावे एका वहीत उतरवायला फार तर अर्धा तास जातो. हजार जणांचा कार्यक्रम असेल तेव्हा फॉर्मला पर्याय नाही, पण तेव्हाही तीन-चार प्रश्नांच्या पुढे जाऊ नये.

पत्र व्हॉट्सॲपवर जाते तेव्हा एक तांत्रिक घोळ हमखास होतो. कुणीतरी रंगीत पोस्टर बनवतो, त्यात नोंदणीची लिंक आणि फोन नंबर छापतो आणि तो फोटो ग्रुपवर टाकतो. फोटोतल्या लिंकवर बोट ठेवून काही उघडत नाही, आणि लांबलचक लिंक पाहून टाइप करणारा विरळा. पोस्टर पाठवायचे असेल तर त्याखाली लिंक आणि नंबर मजकूर म्हणून वेगळे टाकावेत. तारखेसोबत वार आणि सालही लिहावे, आणि दोन्ही कॅलेंडरवर ताडून पाहावेत. ‘रविवार, ९ फेब्रुवारी’ असे चुकून गेले की निम्मे लोक वार धरतात, निम्मे तारीख. साल नसलेले पोस्टर वर्षभराने पुन्हा फिरू लागते आणि संयोजकाचा फोन वाजू लागतो.

ऑनलाइन बैठकीत अडचणी वेगळ्या. झूमच्या विनामूल्य खात्यावर एका वेळी १०० जण बसतात आणि बैठक ४० मिनिटांत तुटते. ४० मिनिटांत आटोपेल एवढाच विषय घ्यावा, नाहीतर सशुल्क खाते मिळवावे. वक्ता रंगात आला असता पडदा बंद झाला की परत येणारे थोडेच. केमिस्ट दुकानातच, मोबाइल काउंटरवर टेकवून ऐकणार आहे हे गृहीत धरले, तर मांडणीही बदलते. स्लाइडवरची अक्षरे मोठी लागतात, रजिस्टरचा नमुना आधी व्हॉट्सॲपवर पाठवावा लागतो, आणि शंका बोलून विचारण्याऐवजी लिहून विचारायची सोय ठेवावी लागते, कारण समोर गिऱ्हाईक उभे असते. गिऱ्हाइकाला तपासणीचा सल्ला देण्याचा सराव असा पडद्यावरून होत नाही. म्हणून बुधवारच्या बैठकीच्या निमंत्रणात रजिस्टर आणि माहितीचा नमुना एवढेच कबूल करावे.

कोणत्याही बैठकीत खऱ्या रुग्णाचे नाव, चिठ्ठी किंवा रजिस्टरचे खरे पान पडद्यावर दाखवू नये. क्षयरोग झाल्याचे गावात कळले तर लग्न मोडते, नोकरी जाते, ही भीती अजून खरी आहे. नमुन्यासाठी काल्पनिक नावांचे पान तयार करायला दहा मिनिटे लागतात.

आठवण आणि हजेरी

विनामूल्य कार्यक्रमाला नाव नोंदवून न येणारे नेहमीच असतात; पैसे गेले नसल्याने न येण्याचे काही वाटत नाही. ५० जागांसाठी ६० नावे घेतली तर सहसा अडचण येत नाही. पहिले निमंत्रण दहा-बारा दिवस आधी जावे. महिनाभर आधी पाठवले तर विसरले जाते, दोन दिवस आधी पाठवले तर दुकानाची व्यवस्था लावता येत नाही. आदल्या दिवशी ज्यांनी नाव दिले आहे त्यांनाच एक आठवण जावी, आणि शक्य असेल तिथे फोन. ग्रुपवर रोज तेच पोस्टर टाकल्याने उलट ग्रुप म्यूट होतो. फोनवर ‘येताय ना?’ असे विचारण्यापेक्षा ‘तुमची काही शंका असेल तर सांगा, वक्त्यांना आधी देतो’ असे विचारले तर दोन कामे होतात: शंका मिळतात, आणि ज्याने शंका दिली तो उत्तर ऐकायला येतो.

निमंत्रण कुठे चुकले हे हजेरीच्या आकड्यावरून पुरते कळत नाही. मदतनीसच जास्त आले, तर वेळ चुकली किंवा तपासणीची भीती गेली नाही. मालक आले पण प्रश्न आले नाहीत, तर व्यासपीठावर कोण बसले होते ते पाहावे. नावे पुष्कळ आली आणि माणसे कमी, तर आठवण पोहोचली नाही, किंवा त्या दिवशी गावात मोठे लग्न अथवा जत्रा होती. आणि सगळे आले, प्रश्नही विचारले, पण पुढच्या महिन्यात एकाही नव्या दुकानाकडून माहिती आली नाही, तर निमंत्रण ठीक होते. कार्यशाळेत माहिती देण्याचा रस्ता नीट दाखवला गेला नाही. अशा वेळी दुसरी कार्यशाळा घेण्याआधी वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकाने चार-पाच दुकानांत स्वतः जाऊन पहिला नमुना सोबत बसून भरून घ्यावा.

न आलेल्यांना रागाचे पत्र पाठवू नये. त्यांना रजिस्टरचे नमुना पान, माहिती द्यायचा नमुना आणि पर्यवेक्षकाचा नंबर असा दोन पानांचा कागद दुकानात नेऊन द्यावा. पुढच्या निमंत्रणाला त्यांतलेच काही येतात. त्या कागदावर आणि निमंत्रणाच्या तळाशीही निक्षयची टोल-फ्री मदतवाहिनी छापावी. तिचा क्रमांक १८००-११-६६६६ असून केमिस्ट, रुग्ण आणि नातेवाईक कुणीही तिथे विनामूल्य फोन करू शकतो.